शेजारच्या खुर्चीवरचं जॅकेट : सुगंधानं उठणाऱ्या अर्धशिशीचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. एकसारखी तक्रार असलेल्या अनेकांच्या अनुभवांतून ते जुळवलं आहे आणि त्यातले आकडेही उदाहरणापुरते आहेत. घटनांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी असाच असतो. आधी चुकीच्या वासावर संशय, मग चुकीच्या पद्धतीनं विनंती, आणि खरा उगम सापडतो तो तिसऱ्या खेपेला.

ती 34 वर्षांची. पंधरा वर्षांपासून अर्धशिशी, महिन्याला दोन-तीन वेळा. ऑफिसनं जागा बदलली आणि मोठ्या खुल्या हॉलमध्ये सगळ्यांची टेबलं आली, तेव्हापासून दुखणं वाढलं. डाव्या कपाळात ठणका, मळमळ, उजेड नकोसा, जिना चढला की ठणका दुप्पट. गोळी उशिरा घेतली तर दुसरा दिवसही गेलाच. दीड मीटरवर बसणारी सहकारी परफ्यूम लावायची, तो वास आला की आपलं डोकं उठतं, एवढं तिच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

डॉक्टरांनी निदानाबद्दल शंका ठेवली नाही. 4 ते 72 तास टिकणारं, एका बाजूचं, ठणकणारं, हालचालीनं वाढणारं दुखणं आणि सोबत मळमळ, हे अर्धशिशीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत नीट बसतं. त्यांनी परफ्यूमबद्दल लगेच मत दिलं नाही. सहा आठवडे नोंदी ठेवायला सांगितल्या, आणि नोंदीत एक रकाना असा टाकला जो सहसा कुणी ठेवत नाही: ऑफिसात जागेवर बसण्याच्या आधी अंग कसं आहे. जांभया येताहेत का, मान आखडली आहे का, चिडचिड होतेय का, काही खावंसं वाटतंय का.

या रकान्याचं कारण समजून घ्यायला हवं. अर्धशिशी ठणक्यापासून सुरू होत नाही. कित्येकांमध्ये ठणक्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, मेंदूत झटक्याची तयारी सुरू झालेली असते. वास नकोसे होणं हे त्या तयारीचंही लक्षण असू शकतं. म्हणजे एरवी चालून जाणारा परफ्यूम त्या दिवशी डोक्यात जातो, तासाभरानं ठणका सुरू होतो आणि माणूस म्हणतो, परफ्यूममुळे झालं. प्रत्यक्षात झटका घरूनच निघालेला असतो, वास फक्त आधी जाणवतो. संध्याकाळी आठवून लिहायला बसलं तर हा फरक कधीच सापडत नाही, कारण तोवर दोषी कोण हे मनात ठरलेलं असतं. म्हणून हा रकाना सकाळी, वास येण्याच्या आधीच भरायचा.

बाकी नोंद साधी होती: वास जाणवल्याची वेळ, दुखायला लागल्याची वेळ, रात्रीची झोप किती तास, शेवटचं खाणं केव्हा, पाळीचा दिवस, गोळी किती वाजता. आणि ज्या दिवशी काहीच दुखलं नाही त्या दिवसाचीही नोंद. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण त्याशिवाय बाकीच्या नोंदींना अर्थ नाही.

सहा आठवड्यांत 30 कामाचे दिवस झाले. शेजारीण त्यांपैकी 20 दिवस ऑफिसात होती. झटके एकूण नऊ. तीन घरी, एक शेजारीण नसलेल्या दिवशी ऑफिसात, आणि पाच ती असताना. या पाचांपैकी दोन दिवशी सकाळच्या रकान्यात जांभया आणि आखडलेली मान लिहिलेली होती, म्हणजे ते वासाच्या खाती टाकता येत नव्हते. उरले तीन. तिन्ही वेळा वास जाणवल्यावर अर्ध्या तासाच्या आत ठणका सुरू झाला होता. त्यातही दोन दिवशी ती काही न खाता निघाली होती, आणि एकदा झोप जेमतेम पाच तास.

हे पाहून ती थोडी खट्टू झाली. पंधरा दिवस तोच परफ्यूम शेजारी होता आणि काहीच झालं नव्हतं! पण वासाची अर्धशिशी अशीच असते. परफ्यूम एकटा पुरेसा नसतो. अपुरी झोप, उपाशी पोट, पाळीच्या आसपासचे दिवस यांनी सहनशक्तीचा उंबरठा खाली आणलेला असतो, आणि मग वास तो ओलांडायला लावतो. यातून दोन गोष्टी ठरल्या. तक्रार खरी आहे, नऊपैकी तीन झटके ही छोटी गोष्ट नाही. पण शेजारणीकडे जाऊन ‘तुमच्यामुळे माझं डोकं दुखतं’ म्हणणं खरं ठरणार नव्हतं, आणि शेजारणीनंही लगेच विचारलं असतं, मग काल का नाही दुखलं?

पहिली विनंती मात्र तिनं नोंदी पूर्ण व्हायच्या आधीच करून टाकली होती. समोरासमोर बोलणं अवघड वाटलं म्हणून व्यवस्थापनाला सांगून सगळ्या मजल्याला ईमेल पाठवला: ‘काही सहकाऱ्यांना ॲलर्जी असल्यामुळे सर्वांनी तीव्र सुगंध टाळावेत.’ परिणाम शून्य. दोघांनी दिवसभर एकमेकांना हुंगत चेष्टा केली, आणि शेजारणीनं तिलाच हसत विचारलं, ‘कोणाला गं एवढा त्रास होतोय?’

शेजारीण हे मुद्दाम करत नव्हती. नाक एका वासाला काही मिनिटांतच सरावतं. रोज तोच परफ्यूम लावणाऱ्याला तो स्वतःला जवळपास येतच नाही, आणि येत नाही म्हणून हात नकळत आणखी एका फवाऱ्याकडे जातो. त्यामुळे ‘तीव्र सुगंध’ वाचल्यावर ज्याला तो उद्देशून आहे त्यालाच तो आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही. सगळ्यांना पाठवलेली सूचना म्हणूनच कुणालाच पोचत नाही.

त्या ईमेलमध्ये दुसरीही चूक होती, ॲलर्जी हा शब्द. तो चटकन समजतो म्हणून लोक वापरतात, पण पुढे तोच आड येतो. शिंका नाहीत, पुरळ नाही, मग कसली ॲलर्जी, असा प्रश्न येतो. नाहीतर कुणीतरी प्रेमानं ॲलर्जीची गोळी पुढे करतं, आणि ती इथे उपयोगाची नसते. वासानं उठणाऱ्या अर्धशिशीचा संबंध चेतातंतूंशी असतो. नाकात वास ओळखणारे तंतू वेगळे आणि झोंबणं, चुरचुरणं कळवणारी ट्रायजेमिनल नावाची नस वेगळी. कांदा चिरताना जे झोंबतं, मेंथॉलनं जे गार वाटतं, ते या नसेमार्फत. परफ्यूम, रंग, ब्लीच, पेट्रोल यांच्या वाफाही पुरेशा प्रमाणात असल्या की तिला चेतवतात. अर्धशिशीतली वेदना वाहून नेणारी नसही हीच. म्हणून ‘मायग्रेन’ म्हणावं, वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘अर्धशिशी’. दोन्ही शब्द खरे आहेत आणि पुढे माघार घ्यावी लागत नाही.

शेजारणीशी बोलण्याआधी तिनं आणखी एक काम केलं, आणि ते भलतंच उपयोगी पडलं. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी टेबलाच्या कडेला चिकटटेपनं लावली. पट्टी दिवसभर तिच्या दिशेनं वळलेली राहिली. एसीचा झोत शेजारणीच्या मागून येऊन तिच्या खुर्चीकडे जात होता. दोघींच्या जागांची नुसती अदलाबदल केली असती तरी बराच फरक पडला असता. ते लगेच जमलं नाही, कारण तिथे शेजारणीचा मोठा मॉनिटर बसवलेला होता. पण छपराच्या जाळीचं तोंड वळवून घेता आलं. छोटा पंखा ठेवायचा झाला तर तो आपल्या स्वच्छ बाजूला, आपल्याकडे तोंड करून ठेवावा. समोरच्याकडे तोंड केलेला पंखा म्हणजे न बोलता मारलेला टोमणा. हवा शुद्ध करणारं यंत्र आणायचा विचारही झाला, पण त्यातला धूळ गाळणारा हेपा फिल्टर वासाची वाफ अडवत नाही. त्याला सक्रिय कोळसा लागतो, आणि स्वस्त यंत्रांत त्याचा पातळसा पापुद्रा असतो, तो लवकरच भरून जातो.

मग प्रत्यक्ष बोलणं. वेळ निवडली ती डोकं शांत असलेल्या दिवसाची, दुपारनंतरची, जागा रिकामी मीटिंग रूम. ठणका चालू असताना बोललं की आवाजात राग येतोच, आणि नुकताच फवारा मारलेल्या माणसाला रंगेहाथ पकडल्यासारखं वाटतं. शब्दांवर तिनं बराच विचार केला होता, कारण मराठीत इथे एक खड्डा आहे. ‘तुमचा वास येतो’ म्हणजे सरळ अपमान, मग तो वास गुलाबाचा का असेना. ‘उग्र’ म्हटलं की समोरच्याच्या आवडीवर शेरा मारल्यासारखं होतं. उलट ‘सुगंध छान आहे, पण…’ अशी सुरुवात केली तर ऐकणारा ‘छान’वरच थांबतो. सर्वांत सुरक्षित म्हणजे वस्तूचं नाव घ्यायचं: परफ्यूम, क्रीम, कंडिशनर. वास माणसाला चिकटवायचा नाही.

ती म्हणाली, ‘ताई, दोन मिनिटं बोलायचं होतं. मला खूप वर्षांपासून मायग्रेन आहे. कुठलाही परफ्यूम जवळ असला की काही वेळा त्यानं झटका येतो, रोज नाही, पण झोप कमी झालेली असली की हमखास. मी नोंदी ठेवल्यात, झोपेचं-खाण्याचं माझ्या बाजूनं सांभाळतेय. तुम्ही दोन आठवडे ऑफिसात येताना परफ्यूम न लावता बघाल का? संध्याकाळी निघताना लावलात तर काहीच अडचण नाही. दोन आठवड्यांनी काय झालं ते मी तुम्हाला सांगेन.’

यात मागणी एकच आहे, ती एका वस्तूपुरती आहे आणि तिला मुदत आहे. ‘जरा कमी लावा’ असं ती म्हणाली नाही. कमी म्हणजे किती हे लावणाऱ्याच्या सरावलेल्या नाकावर सोडलं तर काहीच बदलत नाही. ‘कुठलाही परफ्यूम’ म्हटल्यानं ताईंच्या आवडीचा प्रश्न उरला नाही. आणि ‘काही वेळा’ म्हटल्यानं दुसऱ्या दिवशी ती हसताखेळताना दिसली तर ताईंना फसवल्यासारखं वाटणार नव्हतं. हे शेवटचं फार जण विसरतात.

ताई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या. ‘अगं, मी तर दोनच फवारे मारते, मला स्वतःलासुद्धा येत नाही!’ तिनं वाद घातला नाही. ‘रोज लावणाऱ्याला येतच नाही ताई, माझ्या शाम्पूचा मलाही येत नाही,’ एवढंच म्हणाली. मग ताईंनी तोडगा सुचवला की मी नैसर्गिक लॅव्हेंडरचं तेल वापरेन. इथे संकोचानं हो म्हणून टाकायचा मोह होतो. पण वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल हेही उडणाऱ्या रसायनांचं मिश्रणच असतं, आणि त्यातली काही त्याच नसेला चेतवतात. तिनं सांगितलं, ‘नैसर्गिक असलं तरी मला तसंच होतं. दोन आठवडे काहीच नको, मग बघू.’

पहिला आठवडा संपता संपता एक झटका आलाच, आणि त्या दिवशी तिला वासही स्पष्ट जाणवला होता. ताई गुपचूप लावताहेत, असं तिला वाटून गेलं. नेमका याच ठिकाणी बहुतेकांचा संयम सुटतो आणि महिनाभराची मेहनत एका वाक्यात वाया जाते. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताई तासभर मीटिंगला गेल्या तरी वास तिथेच होता. खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं लोकरी जॅकेट कुणीतरी जाता जाता सरकवलं, आणि वासाचा भपकारा आला.

परफ्यूमचा वास उडून जातो, पण कपड्यातला तसा जात नाही. परफ्यूममधले हलके घटक अर्ध्याएक तासात उडतात, जड घटक, विशेषतः कस्तुरीसारखा वास देणारे, धाग्यात दिवसेंदिवस बसून राहतात. काही फॅब्रिक कंडिशनरांमध्ये तर सुगंध सूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो. कपडा घासला, चुरगळला की कुप्या फुटतात आणि ताजा वास सुटतो. बाटलीवर ‘कित्येक आठवडे ताजेपणा’ लिहिलेलं असतं ते यामुळेच. ताईंनी शब्द तंतोतंत पाळला होता. मागणीच चुकीच्या वस्तूची, निदान अपुरी, केली गेली होती.

ताईंकडे करायची दुसरी विनंती पहिलीपेक्षा अवघड. ‘आता आणखी काय?’ हा प्रश्न समोरच्याच्या मनात येणारच. तिनं आधी पोच दिली: ‘ताई, परफ्यूम थांबवल्याचा फरक मला कळतोय, त्यासाठी खरंच आभार. काल लक्षात आलं की जॅकेटलाही कंडिशनरचा वास आहे, तुमचा नाही. ते खुर्चीऐवजी कपाटात ठेवलंत तर चालेल का?’ जॅकेट धुवा असं तिनं म्हटलं नाही, कपाटात ठेवायला सांगितलं. कमी कष्टाची मागणी आधी. ताईंनी मग आपणहूनच विचारलं की धुतलं तर जाईल का. जातं, पण एका धुण्यात नाही. कंडिशनर बंद करून सुगंधविरहित डिटर्जंटमध्ये तीन-चारदा धुवावं लागतं, मधे उघड्यावर वाळवावं लागतं, आणि मशीनचा कंडिशनरचा खणही धुवावा लागतो, नाहीतर वास तिथूनच परत येतो. डिटर्जंट घेताना ‘सुगंधविरहित’ आणि ‘वासरहित’ यांत गल्लत होते. ‘वासरहित’ मालात कच्च्या मालाचा वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं, त्यामुळे मागची घटकांची यादी पाहायची. तिथे परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द असेल तर ते नको.

तिसरा उगम होता स्वच्छतागृहाबाहेर भिंतीला लावलेलं, ठरावीक मिनिटांनी आपोआप फवारणारं यंत्र. इथे समोर माणूस नाही, म्हणून भाषाही वेगळी. लेखी आणि कोरडी: ‘तिसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृहाबाहेरचं स्वयंचलित सुगंध यंत्र बंद करावं ही विनंती. मला मायग्रेन आहे आणि या यंत्रामुळे झटके येतात, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. दुर्गंधीसाठी एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणं पुरेसं ठरेल असं वाटतं.’ पर्याय सोबत दिल्यानं काम चार दिवसांत झालं.

नातेवाइकांच्या बाबतीत तिला एकच ठिकाण अवघड गेलं, मावशी. मावशी आली की आधी मिठी, आणि मिठीबरोबर मानेवर लावलेला परफ्यूम तिच्या ओढणीला लागून रात्रभर सोबत राहायचा. दारात सांगून उपयोग नसतो, कारण तोवर लावलेला असतो आणि मनगट साबणानं धुतलं तरी कपड्यातला जात नाही. फोन आदल्या दिवशी करायचा: ‘मावशी, उद्या तू येतेयस ना, एक सांगू? माझी अर्धशिशी हल्ली परफ्यूमनं उठते. उद्या येताना लावू नकोस, म्हणजे मला तुझ्याजवळ निवांत बसता येईल.’ मावशीला राग आला नाही, काळजी वाटली, आणि तिनं तीन घरगुती उपाय सांगितले. ते ऐकून घ्यायचे. सासरच्या मंडळींना मात्र हेच नवऱ्यानं सांगितलेलं बरं, सुनेच्या तोंडून ते नाक मुरडल्यासारखं ऐकू येतं.

पुढच्या सहा आठवड्यांत झटके नवावरून पाचावर आले. ऑफिसातले दोन, आणि दोन्ही दिवशी सकाळीच मान आखडलेली. पण याच काळात ती घरून खाऊन निघू लागली होती आणि झोपेची वेळही पाळत होती, त्यामुळे श्रेय कशाला किती हे सांगता येत नाही. आकडेही लहान आहेत. डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांचे दिवस मोजले. ट्रिप्टान ही अर्धशिशीची खास औषधं किंवा मिश्र वेदनाशामकं महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साधी वेदनाशामकं 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. ती या मर्यादेच्या आत होती. तशी नसती तर सगळं ऑफिस सुगंधमुक्त करूनही कदाचित फरक दिसला नसता.

तिनं यापुढे यादी वाढवली नाही, हेही बरं झालं. शाम्पू, साबण, हाताचं क्रीम यांवर बोट ठेवता आलं असतं, पण नोंदीत त्यांनी एकही झटका आणलेला नव्हता. आणि प्रत्येक वासापासून पळत राहिलं तर सहनशक्ती आणखी कमी होण्याचा धोका असतो.

काही वेळा मात्र परफ्यूमला बाजूला ठेवून वेगळीच चौकशी करावी लागते. एकाच खोलीत अनेकांची डोकी दुखत असतील आणि बाहेर पडल्यावर उतरत असतील, तर आधी कार्बन मोनॉक्साइड तपासावा. त्याला वास नसतो. इतर कुणालाही न येणारा जळका वास आपल्यालाच वारंवार येत असेल, डोकेदुखी एका क्षणात कमाल तीव्रतेला पोचली असेल, किंवा पन्नाशीनंतर ती पहिल्यांदाच सुरू झाली असेल, तर शेजाऱ्याशी नव्हे, डॉक्टरांशी बोलायचं. एका क्षणात भडकलेल्या दुखण्याला तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं.

तीन महिन्यांनी ताई सुट्टीवरून परतल्या त्या नवा परफ्यूम लावून. सवयीनं हात गेला होता, बस. दोघींनी अशा वेळेसाठी आधीच एक ओळ ठरवून ठेवली होती. तिनं चॅटवर लिहिलं, ‘ताई, आज आलंय हं.’ ताईंनी जीभ चावली, जॅकेट उचललं आणि दिवसभरासाठी खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसल्या.